चौकटीबाहेरचे पाहुणे

१९९६ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून आणली आणि आजच्या टीव्हीवर लावली, की दोन्ही बाजूंना काळे पट्टे उभे राहतात. कॅसेट भरली तेव्हाचा पडदा ४:३ प्रमाणाचा होता, आजचा १६:९ चा आहे. पट्टे घालवायचे तीन जुने उपाय आहेत आणि तिन्ही वाईट. चित्र आडवं ताणलं तर नवरा-नवरीपासून भटजींपर्यंत सगळे एका रात्रीत अंगाने भरतात. वरून-खालून कापलं तर चित्राचा चौथा हिस्सा जातो. त्यात कुणाचं डोकं जातं, कुणाचं पंगतीतलं पान. पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची पुसट, मोठी केलेली प्रत ठेवली तर घरचं लग्न वृत्तवाहिनीवरच्या मोबाइल क्लिपसारखं दिसतं.

कापण्याची किंमत मोठमोठ्या कंपन्यांनीही मोजली आहे. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेचे जुने ४:३ भाग डिस्नी प्लसने २०१९ मध्ये १६:९ मध्ये कापून दाखवले. एका भागात बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या दिसतात आणि तिन्ही एकाच नळीतून भरल्या जातात, हा विनोद. ती नळी चित्राच्या वरच्या कापलेल्या भागात गेली, विनोदही गेला. प्रेक्षकांनी ओरड केली, तेव्हा पुढच्या वर्षी मूळ प्रमाणाचा पर्याय परत आला. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘साइनफेल्ड’ आली तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात खड्डाच फ्रेमबाहेर गेला होता.

चौथा उपाय गेल्या काही वर्षांत आला, तो आउटपेंटिंगचा. यात काही कापायचं नाही, ताणायचं नाही. जिथे चित्र संपतं तिथून पुढचं चित्र एआय मॉडेलकडून काढून घ्यायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये ओपनएआयने डॅल-ई मध्ये स्थिर चित्रांसाठी ही सोय दिली, २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये ‘जनरेटिव्ह एक्स्पांड’ आलं, आणि २०२४ च्या अखेरीस रनवेसारख्या कंपन्यांनी व्हिडिओसाठीही तसं बटण दिलं. फोटोपुरतं हे काम आता इतकं सफाईदार झालंय, की रिकामी भिंत, आकाश किंवा गवत वाढवलेलं डोळ्याला कळत नाही. व्हिडिओत मात्र सांधा दिसतो. चित्र चुकतं म्हणून तो क्वचितच दिसतो. बहुतेक वेळा बाजूचं चित्र नीटच असतं, फक्त ते मधल्या चित्राच्या कॅमेऱ्यातून आल्यासारखं वाटत नाही.

या कामाचा आजवरचा सर्वांत मोठा प्रयोग लास व्हेगासमध्ये झाला. तिथल्या ‘स्फिअर’ नावाच्या घुमटाकार सभागृहात १९३९ चा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ ऑगस्ट २०२५ पासून दाखवायला सुरुवात झाली. मूळ चित्रपटाची फ्रेम जवळजवळ चौकोनी, उंचीच्या १.३७ पट रुंद. स्फिअरचा पडदा प्रेक्षकांच्या डोक्यावरून आणि बाजूंनी वळत गेलेला, १ लाख ६० हजार चौरस फुटांचा, म्हणजे साडेतीन एकरांहून मोठा. एवढ्या पडद्यावर मूळ फ्रेम मध्येच कुठेतरी टिकलीएवढी दिसली असती. गूगलच्या तंत्रज्ञांनी आणि मॅग्नोपस या स्टुडिओने आधी चित्राची स्पष्टता वाढवली, मग आजूबाजूचं दृश्य वाढवलं. क्लोजअपमध्ये छातीपर्यंत दिसणाऱ्या पात्राला पाय द्यावे लागले. खोलीत असूनही फ्रेमबाहेर असलेल्या माणसांना सतत दाखवावं लागलं, कारण या पडद्यावर ‘फ्रेमबाहेर’ अशी जागाच उरत नाही. १९३९ मध्ये ज्या नटांनी त्या क्षणी अभिनय केलाच नव्हता, त्यांचा अभिनय २०२५ मध्ये तयार झाला. अनेक चित्रपटप्रेमींना हे रुचलं नाही, आणि त्यांचा आक्षेप सांध्यावर नव्हता. दिग्दर्शकाने काय दाखवायचं नाही हे ठरवलं होतं, त्यावर होता.

त्या चमूकडे मात्र एक मोठी ठेव होती. चित्रपटाच्या सेटचे आराखडे, छायाचित्रं, चित्रीकरणाची संहिता असं बरंच काही संग्रहांत सापडलं, आणि मॉडेलना मूळ चित्रपटाच्या फ्रेम दाखवून खास तयार करता आलं. बाजूला काय होतं, याचा निदान पुरावा होता. शिवाय मूळ माल ३५ मिलीमीटरच्या टेक्निकलर फिल्मचा. लग्नाच्या कॅसेटचा माल याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बसतो, आणि म्हणूनच सांधा का दिसतो हे समजायला कॅसेट अधिक उपयोगी आहे.

समजा एखाद्या एडिटरकडे अशी कॅसेट आली. भारतात तेव्हा पाल पद्धत होती, त्यामुळे डिजिटल फाइल ७२० गुणिले ५७६ पिक्सेलची, सेकंदाला २५ फ्रेमची. ती मोठी करून १०८० ओळींची केली की चित्राची रुंदी होते १४४० पिक्सेल. टीव्हीला हव्यात १९२०. म्हणजे दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल नव्याने काढायचे. अखेरच्या चित्राचा चौथा हिस्सा काल्पनिक. हे प्रमाण सुसह्य आहे. मोबाइल उभा धरून काढलेली क्लिप आडव्या टीव्हीसाठी वाढवली तर दोन तृतीयांशाहून अधिक चित्र कुणीच न पाहिलेलं असतं.

पहिली चूक मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच होते. व्हीएचएसच्या चित्राची कड स्वच्छ नसते. बाजूंना काही पिक्सेलची काळी किनार असते आणि तळाशी फाटल्यासारख्या, सरकलेल्या ओळींचा पट्टा असतो. जुन्या टीव्हीच्या काचेमागे हे झाकलं जायचं. मॉडेलला मात्र ती काळी किनार दृश्यातलीच वस्तू वाटते. ते तिचा खांब करतं, दाराची चौकट करतं, पडद्याची घडी करतं; आणि मंगल कार्यालयाच्या मधोमध, कधीही नसलेले दोन खांब संपूर्ण लग्नभर उभे राहतात. म्हणून कडा आधी कापायच्या असतात. प्रत्येक बाजूचे सात-आठ मूळ पिक्सेल गेले तरी चालेल, पण मॉडेलने जिथून चित्र पुढे न्यायचं ती कड खरी हवी.

दुसरी तयारी रेषांची. पाल व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनते, विषम ओळी आधी आणि सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने नंतर. हलणाऱ्या हाताची कड त्यामुळे संगणकावर दातेरी दिसते. डीइंटरलेस न करता फाइल पुढे दिली तर मॉडेल ते दातेही इमानाने पुढे काढतं. त्याशिवाय टेप जुनी असेल तर चित्राच्या आडव्या ओळी बारीक थरथरतात. टाइम बेस करेक्टर लावून कॅसेट घेतलेली नसेल तर मधलं चित्र लहरत राहतं आणि बाजूला नव्याने काढलेली भिंत ओळंब्यात उभी. सांधा कुठे आहे हे मग लहान मूलही बोट ठेवून दाखवेल.

आता मॉडेल काय करतं ते. त्याला मूळ फ्रेम आणि एक मास्क मिळतो: हे क्षेत्र ठेव, ते भर. बहुतेक मॉडेल पिक्सेलवर थेट काम करत नाहीत. आधी चित्र आकसून, लांबी-रुंदीत प्रत्येकी आठ पट लहान अशा सांकेतिक रूपात जातं, तिथे रिकामी जागा टप्प्याटप्प्याने गोंगाटातून भरली जाते, आणि मग सगळं परत पूर्ण आकारात येतं. या जाण्या-येण्यात मधलं मूळ चित्रही थोडं बदलतं. रंगाची छटा किंचित सरकते, चेहऱ्याचे बारीक तपशील पुसट होतात किंवा नव्याने काढले जातात. इथे एडिटरपुढे पेच उभा राहतो. मॉडेलकडून आलेलं सगळं चित्र तसंच वापरलं तर सांधा जवळजवळ दिसत नाही, पण आजीचा चेहरा आजीचा राहत नाही. मूळ चित्र वरून परत चिकटवलं तर आजी आजीच राहते, पण तिच्या डाव्या हाताला एक उभी रेघ उमटते: अलीकडची भिंत पिवळसर, पलीकडची किंचित निळी.

घरच्या चित्रीकरणात निवड एकच योग्य आहे, मूळ परत चिकटवायचं. मग रेघ मिटवण्याचं काम अंगावर घ्यावं लागतं. त्यासाठी मास्क कडेवर नेमका ठेवत नाहीत, मूळ चित्राच्या आत वीस-तीस पिक्सेल घेतात. तेवढ्या पट्टीत मॉडेलचं आणि मूळचं अशी दोन्ही चित्रं मिळतात. दोन्हींचे रंग तिथे जुळवून घेतात आणि एक चित्र हळूहळू दुसऱ्यात विरवतात. रंगाचा प्रश्न एवढ्यावर बहुधा सुटतो.

पोताचा सुटत नाही. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० ओळींचा तपशील मावतो. रंग तर त्याहूनही ढोबळ. लाल शालूचा लाल रंग कडेबाहेर उजवीकडे ओघळलेला असतो. त्यावर टेपची सळसळती खरखर. मॉडेल मात्र आधुनिक चित्रांवर शिकलेलं, त्यामुळे ते बाजूला चकचकीत, तुकतुकीत भिंत आणि धाग्याधाग्याचा शालू काढतं. सराईत एडिटर इथे उलटी वाट धरतात. नव्या भागाची स्पष्टता कमी करतात, रंग उजवीकडे ओघळू देतात, आणि शेवटी खरखरीचा एकच थर संपूर्ण चित्रावर, मधल्या भागावरही, टाकतात. ही खरखर दर फ्रेमला बदलती हवी. गोठलेली खरखर मळक्या काचेतून पाहिल्यासारखी दिसते. नवीन चित्र पुरेसं बिघडवलं, की सांधा जातो. एआयची टूल्स विकणाऱ्या जाहिरातींत हा भाग नसतो.

एवढं झालं की एक फ्रेम जुळते. व्हिडिओत अशा सेकंदाला पंचवीस.

तिपाईवर कॅमेरा ठेवून घेतलेला शॉट सगळ्यांत सोपा, आणि त्याला व्हिडिओ मॉडेल लागतच नाही. कॅमेरा हलत नसेल तर बाजूची भिंतही हलत नाही. एकच स्वच्छ फ्रेम निवडायची, फोटोशॉपसारख्या साधनात तिच्या बाजू वाढवायच्या आणि ते स्थिर चित्र शॉटभर मागे ठेवायचं. इथे घरच्या अल्बमचा उपयोग होतो. त्याच कार्यालयाचे, त्याच दिवशीचे फोटो असतील तर स्टेजच्या बाजूला झालर कोणत्या रंगाची होती, भिंतीवर काय टांगलं होतं हे कळतं. स्फिअरवाल्यांना सेटचे आराखडे जे देत होते, तेच काम हा अल्बम लहान प्रमाणात करतो.

तरीही मंगलाष्टकांचा शॉट या पद्धतीने केला तर दोन गोष्टी उघड्या पडतात. शेवटचं ‘सावधान’ होतं, अक्षता उडतात, आणि सांध्याच्या रेघेवर येऊन हवेतच नाहीशा होतात. त्याच क्षणी फोटोग्राफरचा फ्लॅश पडतो. मधलं चित्र एक-दोन फ्रेम पांढरं होतं आणि दोन्ही बाजूंच्या भिंती जराही उजळत नाहीत. दर फ्लॅशला काळे पट्टे क्षणभर परत आल्यासारखे वाटतात. फ्लॅशवर उपाय आहे. मधल्या भागाचा उजेड दर फ्रेमला मोजून त्याच प्रमाणात बाजूंचा उजेड वर-खाली करायचा. अक्षतांसाठी तेवढे दोन-तीन सेकंद व्हिडिओ मॉडेलकडे द्यावे लागतात.

कॅमेरा एका बाजूने दुसरीकडे फिरत असेल तर आणखी चांगली सोय आहे, आणि ती अनेकदा वापरलीच जात नाही. पहिल्या सेकंदात उजव्या कडेपलीकडे जे आहे ते तिसऱ्या सेकंदात कॅमेऱ्याने स्वतःच टिपलेलं असतं. त्या नंतरच्या फ्रेममधले खरे पिक्सेल उचलून आधीच्या फ्रेमच्या बाजूला लावता येतात. सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याची हालचाल मोजू द्यायची आणि जिथे खरं चित्र अजिबात नाही तेवढीच जागा मॉडेलकडून भरून घ्यायची. काल्पनिक भाग जितका कमी, तितका सांधा कमी. मात्र मधल्या वेळात माणसं हलली असतील तर एकच काका चित्रात दोनदा बसलेले दिसू शकतात, ते तपासून घ्यावं लागतं.

अवघड शॉट पंगतीचा. कॅमेरा हातात, चालता. वाढपी वरणाचं भांडं घेऊन डावीकडून येतो, सगळी पंगत वाढत उजवीकडे निघून जातो. मूळ चित्रात तो कडेबाहेर गेला की संपला. वाढवलेल्या चित्रात त्याला आणखी अडीचशे पिक्सेल चालायचं आहे, त्याच शर्टात, त्याच चालीने, आणि भांड्याचा कान त्याच हातात ठेवून. हे व्हिडिओ मॉडेललाच जमतं, पण त्याची नजर मर्यादित असते. अलीबाबाने २०२५ मध्ये खुलं केलेलं वान हे मॉडेल एका वेळी साधारण ८१ फ्रेम बनवतं. त्याच्या सेकंदाला १६ फ्रेमच्या गतीने पाच सेकंद. मोठा शॉट तुकड्यांनी करावा लागतो. आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या काही फ्रेम पुढच्याला दाखवल्या नाहीत, तर पाच सेकंदांनी वाढप्याचा निळा शर्ट राखाडी होतो आणि मागची खिडकी हातभर सरकते. हा सांधा उभ्या रेघेत नसतो, वेळेत असतो. एक फ्रेम थांबवून पाहणाऱ्याला तो कधीच दिसत नाही, व्हिडिओ चालू असताना मात्र खटकतो.

आणि मग कडेवरची माणसं. लग्नाच्या चित्रीकरणात कड रिकामी नसतेच. कुणीतरी अर्धं आत, अर्धं बाहेर उभं असतं. त्या काकूंचा उरलेला अर्धा चेहरा मॉडेल काढतं, आणि तो सुबक काढतं. फक्त त्या काकू आता घरातल्या कुणाच्याच ओळखीच्या नसतात. त्यांच्यापलीकडे जागा उरली तर तिथे आणखी दोन-तीन पाहुणे येऊन उभे राहतात, कुणीही न बोलावलेले. नऊवारीचा काठ दोन मोरांनंतर वेलबुट्टीत बदलतो. स्वागताच्या पाटीवरचं अर्धवट दिसणारं नाव पुरं करताना देवनागरी अक्षरांची जी गत होते ती पाहवत नाही. काना आहे, वेलांटी आहे, पण अक्षर कोणतंच नाही.

काम करून आणलेली फाइल तपासायला महागडी साधनं लागत नाहीत. आधी ती दुप्पट वेगाने पाहावी. बाजूंची हालचाल मधल्या भागाबरोबर होत नसेल तर वेगात ते चटकन कळतं. मग उजेड आणि रंग मुद्दाम अति वाढवून पाहावं. नेहमीच्या उजेडात न दिसणारी रेघ त्यात उभी राहते. सांधा ओलांडून जाणाऱ्या सरळ रेषांवर लक्ष ठेवावं: पायरी, कठडा, छताची कड, टेबलाची बाजू. सांध्यापाशी त्यांचा कोन जरासा मोडलेला असतो. एडिटरकडे दाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा वेव्हफॉर्म आलेख उघडायला सांगावं. त्यात चित्राची डावी बाजू डावीकडे आणि उजवी उजवीकडे असते, त्यामुळे उजेडातला फरक सांध्याच्या जागी पायरीसारखा दिसतो. शेवटची तपासणी मोठ्या टीव्हीवर करावी, मोबाइलवर नाही. मोबाइलच्या पडद्यावर अडीचशे पिक्सेल बोटाच्या पेराएवढेही भरत नाहीत आणि सगळंच छान दिसतं.

हे सगळं पाहता, दोन-तीन तासांची अख्खी कॅसेट आउटपेंटिंगने रुंद करून घेणं आजच्या घडीला शहाणपणाचं नाही. तिपाईवरचे शॉट, मागे भिंत किंवा आकाश असलेले शॉट आणि फिरत्या कॅमेऱ्याचे काही शॉट चांगले होतात. गर्दीचे, पंगतीचे आणि कडेवर ओळखीचे चेहरे असलेले शॉट काळ्या पट्ट्यांसह ठेवलेले बरे. एकाच फिल्ममध्ये दोन्ही प्रमाणं चालतात. पाच-दहा मिनिटांत डोळा सरावतो. काम देताना दुकानदाराला एवढं मात्र जरूर सांगावं: डिजिटल केलेली मूळ ४:३ फाइल, एकही कड न कापता, वेगळी हवी, आणि कोणते शॉट वाढवले त्याची यादी तिच्या सोबत हवी. पुढे नातवंडांपैकी कुणी विचारलंच, की स्टेजच्या डाव्या टोकाला उभ्या त्या बाई कोण, तर ती यादी पाहून उत्तर देता येईल.